साबण चार जागी, क्रीम चार चमचे

*"आम्ही नाशिकला राहतो. माझे वडील ७९ वर्षांचे आहेत. दिवाळी झाली की त्यांच्या अंगाला खाज सुटते ती होळीपर्यंत. पोटऱ्या, कंबर, पाठ, आणि रात्री जास्तच. पायजमा काढला की पांढरा कोंडा खाली पडतो. रोज सकाळी खोबरेल तेल चोळतात, मग कढत पाण्याने आंघोळ. साबण कडुलिंबाचा, आणि बादलीत जंतुनाशकाचं एक झाकण. दोन-तीन लोशनं आणून झाली, उपयोग नाही. मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली होती, तिने चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. आप्पांना डायबेटीस आणि ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू आहेत. नक्की कोणतं क्रीम घ्यावं आणि कोणता साबण? महागडं घेतलं तरच गुण येतो का?"*
*– एक मुलगी, नाशिक*

ताई, क्रीमचं नंतर बघू, आधी न्हाणीघरात जाऊ. आप्पांची आंघोळ आहे तशीच राहिली तर वरून काहीही लावा, ते पुरणार नाही.

साठीनंतर त्वचेतल्या तेलग्रंथी मंदावतात. त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरात पेशींना धरून ठेवणारी जी चरबी असते, तीही कमी होते. आतलं पाणी मग बाहेर उडून जातं, आणि नाशिकच्या हिवाळ्यात हवाच इतकी कोरडी की ते आणखी वेगाने उडतं. तरुण माणसाच्या अंगावरचं तेल सकाळी साबणाने गेलं तर दुपारपर्यंत भरून निघतं. आप्पांचं तसं भरून निघत नाही. म्हणजे रोज सकाळी कढत पाणी, साबण आणि जंतुनाशक मिळून जे धुऊन नेतात, तो रोजचा तोटा वर्षानुवर्षं साचत आलाय. तेलाचा क्रमही उलटा आहे. आधी तेल चोळायचं आणि मग ते साबणाने काढून टाकायचं, यात अंगावर शिल्लक फार थोडं राहतं. तेल वाईट नाही, त्याची वेळ चुकते आहे.

जंतुनाशकाचं झाकण आजपासून बंद. त्याने खाजेचं काही बरं होत नाही, कारण ही खाज जंतूंची नाहीच. उलट कोरड्या, भेगाळलेल्या कातडीला ते चरचरतं. कडुलिंबाचा, हळदीचा, चंदनाचा, 'आयुर्वेदिक', 'हर्बल' असे शब्द वेष्टनावर कितीही असले तरी आत मुळात साबणच असतो, आणि साबण म्हटला की तो अल्कधर्मी आला. आपल्या त्वचेचा पीएच साधारण ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल असतो, तर साबणाचा ९ ते १०. म्हातारपणी त्वचा आपला पीएच परत जागेवर आणायलाही जास्त वेळ घेते. पारदर्शक ग्लिसरीनचा साबण थोडा सौम्य असतो, पण बहुतेक वेळा तोही साबणच.

इथे एक गैरसमज दूर करते. साबणाच्या वेष्टनावर 'टीएफएम ७६ टक्के' असं छापलेलं असतं आणि दुकानदार सांगतो की हा पहिल्या प्रतीचा, म्हणून सौम्य. भारतीय मानकांप्रमाणे पहिल्या प्रतीच्या साबणात टीएफएम किमान ७६ टक्के, दुसऱ्या प्रतीत ७० आणि तिसऱ्या प्रतीत ६० लागतो हे खरं. पण हा आकडा साबणात चरबीचा अंश किती आणि भरताड किती एवढंच सांगतो. साबण चांगल्या प्रतीचा आहे हे त्यावरून कळतं, तो कोरड्या कातडीला झेपेल हे कळत नाही.

मग घ्यायचं काय? ज्याला डॉक्टर 'सिंडेट बार' म्हणतात ती वडी, किंवा फेस न होणारं लोशनसारखं क्लेन्झर. सिंडेट म्हणजे तेल-कॉस्टिकचा साबण नसून दुसऱ्याच सौम्य द्रव्यांपासून केलेली वडी. दुकानात उभं राहून ओळखायची खूण अशी, की घटकांच्या यादीत सुरुवातीलाच 'सोडियम कोकोइल आयसेथायोनेट' असेल तर ती सिंडेट. 'सोडियम पामेट', 'सोडियम पाम कर्नलेट', 'सोडियम टॅलोवेट' अशी नावं पहिली असतील तर समोर 'क्रीम बार' लिहिलेलं असो की 'मॉइश्चरायझिंग', तो साबण आहे. काही वड्यांत दोन्हींचं मिश्रण असतं. त्या चालतात, पण तुमच्या वडिलांच्या अवस्थेत पूर्ण सिंडेट घ्या. बाटलीतलं काही घेणार असाल तर 'सोडियम लॉरिल सल्फेट' पहिल्या दोन-तीन नावांत असू नये. आणि 'परफ्यूम' किंवा 'फ्रेग्रन्स' हा शब्द यादीत कुठेच नको. पुढे 'अनसेंटेड' लिहिलेलं असलं तरी मागची यादी वाचाच, कारण मूळ वास झाकायला कधी कधी दुसरा वास घातलेला असतो. 'सिटाइल अल्कोहोल' किंवा 'सिटोस्टिअरील अल्कोहोल' ही नावं दिसली तर घाबरून बाटली परत ठेवू नका. ती मेणासारखी मऊ करणारी द्रव्यं आहेत, स्पिरिटशी त्यांचा संबंध नाही.

घरी बोअरचं पाणी असेल तर सिंडेटचा आणखी एक फायदा. जड पाण्यात साबणाचा चिकट मळ तयार होतो, तो बादलीच्या कडेला जसा दिसतो तसा अंगावरही राहतो आणि खाज वाढवतो. सिंडेटचा तसा मळ बनत नाही.

आता आप्पा म्हणतील, फेस नाही, वास नाही, ही कसली आंघोळ! बहुतेक घरांत गाडं इथेच अडतं, आणि मी या वादात पडत नाही. मी सांगते की अंगभर साबण लावायचाच नाही. काखा, जांघा, बसायची जागा आणि पावलं, या चार ठिकाणीच लावायचा. हात जेवणाआधी धुतले जातातच. पोटऱ्या, मांड्या, दंड, पाठ यांना नुसतं पाणी पुरतं. घरात बसणाऱ्या माणसाच्या पोटरीवर असा कुठला मळ साचतो? साबण फक्त चार ठिकाणी लावायचा ठरला की आप्पांना आवडता चंदनाचा साबण काखेला लावायचा हट्ट असला तरी चालवून घ्या. पोटरीला तो लागत नाही, एवढं पुरे. घासणी, वज्री, उटणं, बेसन मात्र बंद. कोंडा निघावा म्हणून घासलं तर तो निघतो, पण दुसऱ्या दिवशी दुप्पट येतो. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला उटण्याचं बोट लावायचं असेल तर हाताला लावा.

पाणी कोमट, आणि ते तुमच्या हाताने तपासा. डायबेटीस जुना असेल तर आप्पांच्या पावलांना गरम-थंड नीट कळत नसण्याची शक्यता असते. खाजणाऱ्या जागेवर कढत पाणी ओतलं की विलक्षण बरं वाटतं, ते खोटं नाही. पण ते सुख घटकाभराचं असतं आणि नंतर खाज जास्त उसळते. पाच ते दहा मिनिटांत आंघोळ उरकायची. रोज करायची की एक दिवसाआड, हा घराघरातला प्रश्न आहे. रोज केली तरी हरकत नाही, फक्त ती अशी हवी आणि तिच्या पाठोपाठ क्रीम हवं.

अंग पुसताना खसखसून पुसू नका. पंचा अंगावर दाबून पाणी टिपायचं, कातडी थोडी ओलसर राहू द्यायची आणि तीन-चार मिनिटांच्या आत क्रीम लावायचं. क्रीम बाहेरून पाणी आणून देत नाही, आंघोळीत मुरलेलं पाणी आत कोंडून ठेवतं. म्हणूनच ते ओलसर अंगावर लावायचं. डबा न्हाणीघराच्या दाराशीच ठेवा. देवपूजा, चहा, पेपर झाल्यावर लावू म्हटलं की संपलं.

तुमच्या लोशनांनी गुण का दिला नाही, त्याची दोन कारणं मला दिसतात. लोशन पातळ असतं, कारण त्यात पाणी जास्त आणि स्निग्ध भाग कमी असतो. ते पसरतं छान, जिरतं पटकन, आणि तासाभरात उडून जातं. तिशीतल्या माणसाच्या हातांना ते पुरतं. आप्पांना हिवाळ्यात दाट क्रीम लागेल, आणि पोटऱ्यांना त्याहून दाट, मलमासारखं. ओळखायला सोपं आहे. बाटली उलटी केली की वाहतं ते लोशन. बोटावर घेतलं की टोक काढून उभं राहतं ते क्रीम. पाण्याचा अंश जवळजवळ नसलेलं, तुकतुकीत आणि चिकट, ते मलम. पेट्रोलियम जेली या शेवटच्या प्रकारातली, आणि पाणी उडू न देण्यात तिच्या तोडीचं काही मिळणं कठीण.

क्रीमच्या यादीत दोन गोष्टी शोधा. पाणी ओढून धरणारं काहीतरी, म्हणजे ग्लिसरीन किंवा युरिया. आणि ते उडू न देणारं काहीतरी, म्हणजे व्हाइट सॉफ्ट पॅराफिन, लिक्विड पॅराफिन, पेट्रोलॅटम किंवा डायमेथिकोन. दोन्ही पहिल्या पाच-सहा नावांत हवीत. सेरामाइड असलेली क्रीमं हल्ली फार चालतात. म्हातारपणी त्वचेतलं सेरामाइड कमी होतं, त्यामुळे त्यामागे तर्क आहे आणि ती क्रीमं चांगलीही असतात. पण औषधाच्या दुकानात मिळणारं व्हाइट सॉफ्ट पॅराफिन आणि लाइट लिक्विड पॅराफिनचं साधं, बिनवासाचं क्रीम नीट वापरलं, तर आप्पांच्या पोटऱ्यांना सेरामाइडच्या नावाने जास्त पैसे मोजायची गरज पडू नये.

युरिया ५ ते १० टक्के असलेलं क्रीम खवलेदार कोरडेपणावर छान काम करतं, पण भेगा पडलेल्या किंवा खाजवून सोललेल्या जागी ते झोंबतं. लॅक्टिक ॲसिडचंही तसंच. एकदा झोंबलं की आप्पा पुन्हा डब्याला हात लावू देणार नाहीत. म्हणून पहिले दहा-पंधरा दिवस साधं पॅराफिनचं क्रीम, आणि कातडी सांधली की मग हवं तर युरियाचं. २० टक्के आणि त्याहून कडक युरिया फक्त टाचांच्या जाड कातडीसाठी, तोही उघड्या भेगेत नाही.

दुसरं कारण मात्रेचं, आणि माझ्या मते खरं पाणी इथेच मुरतं. तर्जनीच्या पेरावर, टोकापासून पहिल्या रेषेपर्यंत, ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. एवढ्यात मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळव्यांएवढी जागा माखते. या हिशेबाने पावलासकट एका पायाला ४ ग्रॅम, दोन पायांना ८. पंजासकट दोन्ही हातांना ४. छाती-पोट आणि पाठ मिळून ७. तोंड आणि मान १. झाले २० ग्रॅम, म्हणजे चहाचे चार सपाट चमचे. बहुतेक घरांत सगळ्या अंगाला मिळून एक चमचाही लागत नसतो, आणि मग म्हणायचं की क्रीमचा गुण नाही.

आप्पांचाच हिशेब करू. सकाळी आंघोळीनंतर सगळ्या अंगाला २० ग्रॅम. रात्री झोपण्याआधी फक्त पाय, हात आणि पाठ-कंबर, म्हणजे साडेपंधरा ग्रॅम. दिवसाला ३५ धरा. ५० ग्रॅमची देखणी ट्यूब दीड दिवसही पुरणार नाही. ती समजा ४०० रुपयांची असेल तर ग्रॅमला ८ रुपये पडले, दिवसाला २८० रुपये. हा खर्च कुठल्याच घराला झेपत नाही, म्हणून मग महाग क्रीम जपून, बोटाच्या टोकाने लावलं जातं आणि तिथेच ते फुकट जातं. तेच ४००-५०० ग्रॅमचा मोठा डबा ग्रॅमला दीड रुपयाने मिळाला तर दिवसाला पन्नास-बावन्न रुपये, आणि मग हात आखडत नाही. तेव्हा दुकानात किमतीला ग्रॅमनी भागा. जे क्रीम तुम्ही चार चमचे लावू शकता तेच तुमच्यासाठी चांगलं. पहिले दोन आठवडे अर्धा किलो लागेल. त्वचा सावरली की सकाळी अंगभर आणि रात्री फक्त पोटऱ्यांना एवढ्यावर भागतं.

मोठा डबा घेण्याआधी त्याच क्रीमची छोटी ट्यूब आणून आप्पांच्या कोपराच्या आतल्या बाजूला, एकाच जागी, सकाळ-संध्याकाळ आठवडाभर लावून बघा. लाली किंवा पुरळ आलं नाही तर मोठा डबा आणायला हरकत नाही. डब्यात बोटं घालू नका. स्वच्छ, कोरड्या चमच्याने वाटीत काढून घ्या, म्हणजे मापही कळतं आणि उरलेलं क्रीम खराब होत नाही.

लावताना चोळायचं नाही. ठिपके ठेवायचे आणि वरून खाली, केसांच्या दिशेने, हलक्या हाताने पसरायचं. उलटं चोळलं की केसांच्या मुळाशी पुटकुळ्या येतात. अंग थोडं चकाकलं पाहिजे. दहा-पंधरा मिनिटं थांबून मऊ सुती कपडा घालायचा आणि लोकरीचा स्वेटर त्यावरून, थेट अंगाला नको. पाठीला आप्पांचा हात पोचणार नाही, म्हणून पाठ आणि पोटऱ्या घरच्यांनी कोणी तरी करायच्या, बाकीचं ते स्वतः करतील. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत मात्र क्रीम नको. तिथे ओल राहिली की बुरशी होते, आणि डायबेटीसमध्ये ते परवडत नाही. पोटऱ्या न्याहाळताना टाचाही रोज बघत जा.

खोबरेल सोडवत नसेल तर सोडू नका, फक्त आंघोळीनंतर ओलसर अंगावर किंवा क्रीमवरून पातळ हात फिरवा. कोरड्या त्वचेला खोबरेल चांगलं मानवतं. मोहरीचं आणि ऑलिव्हचं तेल मात्र या वयात टाळा, त्यांनी त्वचेचा वरचा थर उलट विसविशीत होतो. ग्लिसरीन आणि गुलाबपाण्याची जुनी बाटली कपाटात असेल तर त्यातलं ग्लिसरीन कामाचं आहे, गुलाबपाण्याचा वास नको. साधं उकळून थंड केलेलं पाणी घेऊन त्या दिवसापुरतंच कालवा, आणि वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. नुसतं ग्लिसरीन लावून सोडलं तर कोरड्या हवेत त्याचा उपयोग थोडा. टाल्कम पावडर आणि खाजेसाठी सर्रास लावतात ते गुलाबी कॅलामाइन, दोन्ही कातडी आणखी कोरडी करतात.

दोन धोके सांगायलाच हवेत, कारण डब्यावर ते ठळक लिहिलेले क्वचितच असतात. एक, पाय घसरणं. क्रीम न्हाणीघरात उभ्याने लावू नका. बाहेर खुर्चीवर बसवून, पावलं शेवटी, आणि उठण्याआधी मोजे किंवा न सरकणाऱ्या चपला. दुसरा, आग. पॅराफिन असो की तेल, कपड्यांत आणि चादरीत मुरत जातं, एका धुण्यात पूर्ण निघत नाही, आणि असा कपडा पेटला तर झपाट्याने पेटतो. आप्पा उपरणं किंवा शाल घेऊन समईपाशी बसत असतील, शेकोटीला बसत असतील, बिडी-सिगारेट ओढत असतील तर हे गंभीरपणे घ्या. पूजा आधी, क्रीम नंतर, असं म्हणायचा मोह होईल, पण क्रीम तर आंघोळीनंतर लगेच हवं. म्हणून पूजेला धुतलेला वेगळा कपडा ठेवा आणि निरांजन हाताच्या अंतरावर. चादरी आणि पायजमे आठवड्यातून दोनदा गरम पाण्याने धुवा.

आता त्या मेडिकलवाल्याच्या ट्यूबकडे. 'चार दिवस बरं, मग पुन्हा तेच' हे वर्णन वाचून मला संशय आलाच. यादीत 'क्लोबेटासोल', 'बीटामेथासोन', 'मोमेटासोन' असं काही लिहिलं आहे का बघा. अशा ट्यूबांत बहुधा कडक स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक अशी खिचडी असते. स्टिरॉइडने खाज दबते, पण म्हाताऱ्या माणसाची आधीच पातळ झालेली कातडी आणखी पातळ होते. दंडावर, हातावर साध्या धक्क्याने जांभळे डाग पडतात, आणि बुरशी असेल तर ती दडून पसरते. स्टिरॉइड कधीच नको असं नाही. पोटरीवर कातडी लाल होऊन आटलेल्या तळ्याच्या तळासारख्या भेगा पडल्या असतील तर डॉक्टर आठवडा-दोन आठवडे सौम्य किंवा मध्यम स्टिरॉइड मलम देतील, आणि ते द्यायलाच हवं. पण ते तपासून, मुदत ठरवून. ती ट्यूब महिनोन्‌महिने लावली असेल तर बंद कशी करायची तेही त्यांनाच विचारा.

खाजेची गोळीही दुकानातून आणू नका. फेनिरामिन, क्लोरफेनिरामिन, हायड्रॉक्सिझिन या जुन्या गोळ्यांनी गुंगी येते. कोरडेपणाच्या खाजेवर त्यांचा गुण थोडा, आणि या वयात रात्री उठताना तोल जाणं, बरळणं, प्रोस्टेट असेल तर लघवी अडणं हे खरे धोके. रात्री खाज उसळली तर गार पाण्यात पिळलेला पंचा त्या जागी पाच मिनिटं ठेवा आणि लगेच वर क्रीम लावा. नखं बारीक कापलेली असू द्या.

हे सगळं नीट केलंत तर कोंडा चार-पाच दिवसांत कमी झालेला दिसेल. पोटरीवर नखाने हलकी रेघ ओढली तर आज पांढरी उठेल, ती हळूहळू उठेनाशी होईल. खाज ओसरायला दोन आठवडे द्या. दोन आठवड्यांनीही रात्रीची झोप मोडत असेल तर क्रीम बदलत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

काही लक्षणं दिसली तर दोन आठवडेही थांबू नका. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती, जांघेत बारीक पुरळ आणि रात्री असह्य खाज, त्यातून घरात आणखी कोणाला सुरू झाली असेल तर ती खरूज असू शकते. तिच्यावर मॉइश्चरायझरचा उपाय नाही, आणि औषध घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी घ्यावं लागतं. लाल चट्ट्यांवर किंवा चांगल्या दिसणाऱ्या कातडीवर टणक पाण्याचे फोड आले तर लगेच दाखवा. तो पेम्फिगॉइड नावाचा आजार असू शकतो. म्हातारपणी तो नुसत्या खाजेनेही सुरू होऊ शकतो, आणि डायबेटीसच्या ग्लिप्टिन गटातल्या गोळ्यांशी, विशेषतः व्हिल्डाग्लिप्टिनशी, त्याचा संबंध आढळला आहे. आप्पांच्या पाकिटांवर हे नाव आहे का बघून ठेवा, पण गोळी आपल्या मनाने थांबवू नका. कातडी कोरडी दिसत नाही आणि तरी सगळं अंग खाजतं, वजन उतरतंय, डोळे पिवळे दिसतात, पायावर सूज आहे, ताप येतो, तर कारण आत कुठेतरी असू शकतं.

डॉक्टरांकडे जाताना आप्पांच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, ब्लडप्रेशरच्या गोळ्यांसकट, एका पिशवीत घ्या, कारण त्यांतल्या काहींनीही खाज वाढते. ती मेडिकलची ट्यूब आणि आतापर्यंतची लोशनंही त्याच पिशवीत टाका. रक्तातली साखर, क्रिएटिनिन, यकृताची तपासणी, थायरॉइड, हिमोग्लोबिन यांचे अलीकडचे रिपोर्ट असतील तर तेही, म्हणजे त्याच तपासण्या पुन्हा कराव्या लागणार नाहीत. आणि त्या दिवशी सकाळी पोटऱ्यांना काही लावू नका, कातडी आहे तशी डॉक्टरांना दिसली पाहिजे.